मुदत संपली हे कळले, नूतनीकरण का नाही ते लेखी कळवा

प्रति,
मा. मुख्याधिकारी तथा प्रशासक,
नगरपरिषद कार्यालय

विषय : गाळा क्र. ७ च्या भाडेपट्ट्याचे नूतनीकरण नाकारल्याची कारणे लेखी मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कार्यालयाचे पत्र मला मिळाले. मजकूर दोन ओळींचा आहे. ‘आपल्या ताब्यातील गाळ्याची मुदत संपली असून नूतनीकरण करता येत नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत गाळा रिकामा करून ताबा द्यावा.’ खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. का करता येत नाही, याबद्दल एक अक्षर नाही. कोणत्या ठरावाने हे ठरले, त्याचाही उल्लेख नाही. त्याच आठवड्यात मी कारणे विचारणारा अर्ज दिला. आवक शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आलेले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. संकुलातल्या इतर गाळेधारकांनीही ते वाचावे, कारण आज पत्र मला आले, उद्या त्यांनाही येईल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गाळा कायमचा माझ्या नावावर करा, अशी माझी मागणी नाही. नगरपरिषदेची मालमत्ता गावाची आहे, तिचे काय करायचे ते ठरवायचा अधिकार तुमचा आहे. मला फक्त ठरवण्यामागचे कारण कागदावर हवे.

आता कागदपत्रे काय सांगतात ते पाहू. १ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०२५ असा नऊ वर्षांचा भाडेपट्टा. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेला. भाडे सुरुवातीला महिना १,८०० रुपये, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ, म्हणजे नंतर १,९८० आणि शेवटच्या तीन वर्षांत २,१७८. अनामत रक्कम दीड लाख, बिनव्याजी, तुमच्याकडेच आहे. करारातल्या अकराव्या अटीत लिहिले आहे की भाडेकरूने अटी पाळल्या असतील आणि नगरपरिषदेला योग्य वाटले तर नूतनीकरण करण्यात येईल, त्यासाठी मुदत संपण्याआधी अर्ज द्यावा. जानेवारीतच मी अर्ज दिला. थकबाकी नव्हती. पोटभाडेकरू ठेवलेला नव्हता. तुमच्या वसुली विभागाने बेबाकी दाखलाही दिला, तो अर्जाला जोडला आहे.

मुदत संपल्यावर एप्रिल, मे आणि जूनचे भाडे तुमच्याच खिडकीवर भरले आणि ‘गाळा भाडे’ असे लिहिलेल्या पावत्या घेतल्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे मुदतीनंतर मालकाने भाडे स्वीकारले आणि उलट काही ठरलेले नसेल, तर माझ्यासारख्या दुकानाचा भाडेपट्टा महिन्या-महिन्याने पुढे चालू राहतो. कलम १०६ प्रमाणे असा मासिक भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो, हेही मला माहीत आहे. त्यामुळे पंधरा दिवस कमी दिले एवढ्यावर मी अडून बसत नाही. खासगी घरमालकाने असे पत्र दिले असते तर तिथेच विषय संपला असता. आपली जागा आहे, परत हवी आहे, एवढे म्हणणे त्याला पुरले असते.

पण नगरपरिषद खासगी मालक नाही. फरक इथेच आहे, आणि नेमका तोच फरक आपले पत्र विसरले आहे.

संकुलातले जुने लोक मला सांगतात, “रेंट कंट्रोलरकडे जा.” मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चालायचा, तेव्हा लोकांच्या तोंडी हाच सल्ला असायचा. तो कायदा ३१ मार्च २००० पासून गेला आणि सगळ्या राज्याला मिळून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच्या कलम ३ मध्ये सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना सूट दिली आहे. म्हणजे बसस्टँडसमोर खासगी माणसाच्या दुकानात बसलेल्या भाडेकरूला जे संरक्षण मिळू शकते, ते तुमच्या गाळ्यात बसलेल्या मला नाही. दरवाजाच बंद.

मात्र ही सूट तुम्हाला का मिळाली, तेही पाहायला हवे. १९८९ साली द्वारकादास मर्फतिया विरुद्ध मुंबई बंदर विश्वस्त मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. भाडे कायद्यातून सुटलेली सार्वजनिक संस्था भाडेकरूला मनाला येईल तसे काढू शकते का? न्यायालय म्हणाले, नाही. सूट दिली आहे ती अशी संस्था नफेखोर मालकासारखी वागणार नाही, या भरवशावर. म्हणून भाडेकरूशी वागतानाही तिची कृती वाजवी हवी आणि सार्वजनिक हिताची हवी, कारण संविधानाचा १४ वा अनुच्छेद तिथेही लागू होतो. माझ्या बाजूचे तेवढेच सांगून थांबायचे नाही म्हणून पुढचेही सांगतो. त्या खटल्यात भाडेकरू हरला. मंडळाकडे त्या जागेबद्दल ठरलेले धोरण होते, ते न्यायालयाला वाजवी वाटले. कारण दाखवता आले म्हणून मालक जिंकला. तुमच्याकडेही तसे कारण असेल तर ते दाखवा. कदाचित मीही हरेन. पण कशापुढे हरलो ते तरी कळेल.

गावात तीन कारणे ऐकू येतात. ती इथे लिहितो, कारण कुठले खरे आहे यावर माझे उत्तर बदलते.

पहिले, भाडे फार कमी आहे, गाळ्यांचा नव्याने लिलाव करायचा आहे. हे कारण असेल तर मला त्यात वावगे दिसत नाही. पलीकडच्या गल्लीत याच मापाच्या खासगी गाळ्याला पाच हजार भाडे आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मग तसे लिहा. लिलाव कधी, मूळ बोली किती, सध्याच्या गाळेधारकाला बोलीत भाग घेता येणार की नाही, दीड लाख अनामत नव्या बोलीत वळती होणार की परत मिळणार, हे सांगा. मी आजच्या दुप्पट भाडे द्यायला तयार आहे, असे जानेवारीच्या अर्जातच लिहिले होते. त्यावरही कोणी हो किंवा नाही म्हटले नाही. ज्या मालकाला भाडे वाढवायचे आहे तो दुप्पट भाड्याच्या अर्जाला निदान उत्तर तरी देतो. म्हणून हे कारण मला स्वतःला फारसे पटत नाही.

दुसरे कारण सांगितले जाते ते इमारत धोकादायक झाल्याचे. गॅलरीच्या कडेला स्लॅबचे प्लास्टर सुटले आहे, एका जागी सळई उघडी पडली आहे, हे खरे. पावसाळ्यात तिथे गंजाचे पाणी टपकते. संरचनात्मक तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल असेल, कोणत्या अभियंत्याने केली आणि कोणता भाग वापरायोग्य नाही म्हटले ते त्यात असेल. तो अहवाल मला दाखवा, मी वाद न घालता बाहेर पडतो. कामगारांना आणि गिऱ्हाइकांना मोडक्या छताखाली बसवायची हौस मला नाही. पण इथे एक अडचण आहे. संकुलात एकाच तारखेला मुदत संपलेले २२ गाळे आहेत. त्यातल्या १९ जणांना नूतनीकरण मिळाले आणि तिघांना, म्हणजे क्रमांक ७, ८ आणि १५ ला, माझ्यासारखे दोन ओळींचे पत्र आले. उघडी सळई आहे ती ११ आणि १२ च्या मधल्या तुळईखाली. ते दोन्ही गाळे नूतनीकृत झाले आहेत. माझ्या डोक्यावरचा स्लॅब सहाव्या गाळ्याच्याही डोक्यावर आहे, मध्ये फक्त चार इंची भिंत. इमारत धोकादायक असेल तर ती सहावा सोडून सातव्याला आणि बारावा सोडून पंधराव्याला धोकादायक कशी होते, ते अभियंत्याच्या अहवालातूनच कळेल.

याचा अर्थ उरलेल्या १९ जणांचे नूतनीकरण रद्द करा, असा अजिबात नाही. ते माझे शेजारी आहेत. मी एवढेच म्हणतो की एकाच रांगेत, एकाच अटींवर, एकाच दिवशी मुदत संपलेल्या भाडेकरूंमध्ये फरक केला की तो कशावरून केला हे सांगावे लागते. सांगितले नाही की लोक आपापली कारणे तयार करतात. तशी ती तयार झालीच आहेत. कोणी म्हणते गाळा अमक्याच्या पुतण्याला द्यायचा ठरला आहे. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही आणि इथे त्यांची चर्चाही करणार नाही. पण अशा अफवांना जागा तुमच्या पत्रातल्या रिकाम्या ओळीने दिली आहे.

तिसरे कारण माझ्याच धंद्याचे. माझे मोटार वायंडिंगचे दुकान आहे. वायंडिंगचा धूर आणि वार्निशचा वास येतो अशी तक्रार कोणीतरी केली आहे, असे तुमच्या कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने तोंडी सांगितले. तक्रार असेल तर तिची प्रत द्या, कारण यावर मला सविस्तर उत्तर देता येते. माझ्याकडे येणारे बहुतेक काम पाणबुडी मोटारीचे. तिच्या आत पाणीच भरलेले असते, म्हणून तिला पीव्हीसीचे आवरण असलेली तांब्याची तार लागते आणि वार्निश अजिबात लागत नाही. जुनी तार कापून ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, नवी गुंडाळी हाताने ओवायची. त्यात धूर कुठून येणार? वार्निश लागते ते विहिरीवरच्या मोनोब्लॉकला. त्यांची जुनी गुंडाळी वार्निशने दगडासारखी धरलेली असते, ती सुटण्यासाठी स्टेटर तापवावा लागतो. धूर होतो तो तेव्हा. ते काम मी गाळ्यात करत नाही, गावाबाहेर माझ्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये करतो. गाळ्यात वार्निशचा हात दिला जातो एवढे खरे, आणि त्याचा वास येतो हेही खरे. तेही काम शेडवर हलवा अशी अट घालून नूतनीकरण देता येईल. पुढच्याच आठवड्यापासून मी ती पाळेन. पण तक्रार आहे की नाही हेच सांगितले नाही, तर अट कशावर घालणार आणि मी काय सुधारणार?

तीन कारणांना तीन वेगळी उत्तरे आहेत. लिलाव असेल तर मी बोलीची तयारी करीन, इमारत असेल तर बाहेर पडेन, तक्रार असेल तर ती दूर करीन. कारणच माहीत नसेल तर यातले एकही करता येत नाही. चौथेच काही कारण असेल तर तेही ऐकायची तयारी आहे.

कारण आत्ताच का हवे, नंतर कोर्टात सांगू की, असे कोणी म्हणेल. तसे चालत नाही. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७७ मध्ये सांगून ठेवले आहे की कायद्याने काम करणाऱ्या अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. उद्या प्रकरण छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेले, तर तुमच्या वकिलांच्या हाती असेल फक्त ‘मुदत संपली असून नूतनीकरण करता येत नाही’ हे वाक्य. मुदत तर बाकी १९ जणांचीही संपली होती. त्यामुळे आज कारण लिहिणे माझ्याइतकेच नगरपरिषदेच्याही फायद्याचे आहे. मला खंडपीठात जायची हौस नाही. वकिलाची फी, तारखा, आणि दुकान बंद ठेवून जाणे-येणे हे परवडणारे नाही.

आणखी एक. सध्या नगरपरिषदेत निवडून आलेले सभागृह नाही. मुख्याधिकारी आपण आणि प्रशासकही आपणच. सभागृह असते तर विषयपत्रिकेवर हा विषय आला असता, एखाद्या सदस्याने उठून ‘बाकी १९ ना दिले, मग या तिघांना का नाही’ असे विचारले असते, आणि इतिवृत्तात काहीतरी उत्तर लिहिले गेले असते. आता प्रस्ताव ठेवणारे, मंजूर करणारे आणि पत्र काढणारे एकच कार्यालय आहे. अशा वेळी फाइलवरची टिपणी हाच एकमेव साक्षीदार उरतो. ती पाहायला मागणे हा अविश्वास समजू नये.

माहिती अधिकार कायदा, २००५ याच्या कलम ४ (१) (घ) प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवायची असतात. त्यासाठी बाधिताने दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करावा, अशी अट त्यात नाही. ते कर्तव्य आधीपासूनच तुमचे आहे. तरीही मी अर्ज केला आहे. त्यात ‘का नाकारले’ असा प्रश्न मुद्दामच विचारला नाही, आणि हे इतर गाळेधारकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटले आहे की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे या कायद्याच्या व्याख्येतली माहिती नव्हे. तसे विचारले की माहिती अधिकारी एका ओळीत अर्ज निकाली काढतात. म्हणून मी कागद मागितले आहेत. २२ गाळ्यांच्या नूतनीकरणाची टिपणी, त्यावरचे शेरे, ठराव झाला असल्यास त्याची प्रत, इमारतीचा तपासणी अहवाल आणि गाळा क्र. ७ बद्दल आलेल्या तक्रारी. उत्तर द्यायला तुम्हाला ३० दिवस आहेत. गाळा रिकामा करायला मला १५. हा हिशेब आपल्याही लक्षात येईल. कारणे हातात पडेपर्यंत गाळ्याला तुमचे कुलूप लागलेले असेल.

आणि कुलपाच्या आत काय असेल, तेही सांगतो. आज दुकानात शेतकऱ्यांच्या मोटारी रांगेने उभ्या आहेत. प्रत्येकीच्या मानेला तारेने बांधलेला पत्र्याचा तुकडा, त्यावर रंगाने गावाचे नाव, हॉर्सपॉवर आणि घेतलेला ॲडव्हान्स. उन्हाळ्यात कमी दाबाच्या विजेने जळालेल्या मोटारी लोक पेरणीच्या धांदलीत टाकून जातात आणि रब्बीच्या तोंडावर न्यायला येतात. त्यातली एकही माझ्या मालकीची नाही. परवा एक शेतकरी पत्र वाचून म्हणाला, “काहून हलवायलेत दुकान? माझी मोटार कुठं शोधू मग?” दुरुस्त मोटार चालवून पाहायला थ्री-फेज वीज लागते. ते कनेक्शन याच गाळ्याच्या पत्त्यावर माझ्या नावाने आहे. नव्या जागी ते घ्यायचे तर जागेचा कागद लागतो, आणि जागा घ्यायची तर आधी तुमच्याकडे अडकलेली अनामत सुटायला हवी. पंधरा दिवसांत यातले काहीच होत नाही. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. निर्णय घेताना या गोष्टी फाइलवर आल्या होत्या का, एवढेच मला पाहायचे आहे.

तेव्हा विनंती अशी आहे. नूतनीकरण नाकारण्याचे कारण, ते कोणत्या कागदावर आधारलेले आहे आणि निर्णय कोणी, कोणत्या तारखेला घेतला, हे आपल्या सहीने लेखी कळवावे. गाळा क्र. ८ आणि १५ च्या भाडेकरूंनाही त्यांची त्यांची कारणे स्वतंत्रपणे कळवावीत, तिघांना मिळून एक छापील मजकूर पाठवू नये. कारणे मिळाल्यावर मला म्हणणे मांडायला १५ दिवस द्यावेत आणि तोवर ताबा घेण्याची कारवाई थांबवावी. या काळाचे भाडे मी नेहमीप्रमाणे खिडकीवर भरत राहीन. मुदतीनंतरचे पैसे भाडे म्हणून घ्यायचे नसतील तर पावतीवर ‘वापर शुल्क, हक्कांना बाधा न येता’ असे लिहून घ्या, माझी हरकत नाही. पण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला पैसे घेऊच नका असे तोंडी सांगू नका. तसे झाले तर मला मनीऑर्डरने पाठवावे लागतील आणि उगाच एक नवा कागद तयार होईल. शेवटी गाळा सोडायचाच ठरला, तर ताबा देतानाच पंचनामा करून दीड लाखाचा धनादेश त्याच टेबलावर द्यावा, इतकी तजवीज आधीच करून ठेवावी.

आपला,
गाळा क्र. ७ चा भाडेकरू

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, नगरपालिका प्रशासन शाखा
सोबत : भाडेपट्ट्याची प्रत, जानेवारीचा नूतनीकरण अर्ज (पोचेसह), बेबाकी दाखला, एप्रिल ते जूनच्या भाडे पावत्या, आपले नोटीसपत्र